जुना मोबाइल एक्सचेंजला द्यावा की स्वतः विकावा? आधी खरा भाव काढा

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर एखाद्या शनिवारी संध्याकाळी तासभर उभं राहिलं, की एकच चूक दहा वेळा पाहायला मिळते. गिऱ्हाईक विचारतं, "याचे किती देणार?" काउंटरवरचा मुलगा फोन उलटासुलटा करून म्हणतो, "अकरा हजार." पलीकडचा जुने फोन घेणारा नऊ हजार रोख म्हणालेला असतो. गिऱ्हाईकाच्या मनात अकरा मोठे की नऊ, एवढाच हिशेब होतो आणि सौदा ठरतो.

हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. नऊ हजार म्हणजे हातात पडणारे पैसे. अकरा हजार म्हणजे नवीन फोनच्या कुठल्या तरी किमतीतून वजा होणारा आकडा, आणि ती किंमत कोणती धरायची ते दुकानदार ठरवतो. त्यामुळे खाली पहिला टप्पा फोन पुसायचा किंवा फोटो काढायचा नाही, तपासणीचा आहे. त्यानंतर हिशेब आणि मग निर्णय. हाच क्रम ठेवा.

## टप्पा १: भाव विचारण्याआधी फोन स्वतः तपासा

एक्सचेंजच्या अ‍ॅपवर तुम्ही प्रश्नांची उत्तरं देता आणि आकडा दिसतो. तो आकडा तुमच्या उत्तरांवर उभा असतो. दारात आलेला माणूस तेच पुन्हा तपासतो आणि फरक निघाला तर सौदा फिसकटतो किंवा भाव पडतो. म्हणून त्याच्याआधी आपण तपासायचं.

स्क्रीनपासून सुरुवात करा. रात्री खोलीतला दिवा बंद करा, ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि पूर्ण पांढरं चित्र उघडा. मग पूर्ण काळं, मग राखाडी. पांढऱ्यावर गुलाबी किंवा पिवळट डाग दिसतात, राखाडीवर कीबोर्डचा किंवा खालच्या बटणांचा पुसटसा ठसा दिसतो. अ‍ॅमोलेड स्क्रीनवर कडेला केसाएवढी हिरवी उभी रेघ आहे का ते नीट बघा. दिवसा ती नजरेतून सुटते. ही रेघ असली तर एक्सचेंजचा भाव जवळजवळ संपतोच. काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलांना अशी स्क्रीन मोफत बदलून दिली आहे, तेव्हा विकण्याआधी सर्व्हिस सेंटरला एकदा विचारा.

मग फोन आडवा धरून कडेने पाहा. मागचं झाकण किंवा स्क्रीन एका बाजूने उचललेली वाटली तर बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्जला लावू नका, कुणाला विकू नका, आधी बॅटरी बदलून घ्या. त्यानंतर कॉल लावून कानाचा स्पीकर, माइक आणि दोन्ही कॅमेरे तपासा. बोटाचा ठसा आणि चार्जिंग पिनही चालवून बघा. सॅमसंगच्या बहुतेक फोनवर डायलरमध्ये हा कोड टाकला की तपासणीचा पडदा उघडतो:

```
*#0*#
```

आयफोन असेल तर Settings मध्ये Battery, त्यात Battery Health. तिथे क्षमता ८० टक्क्यांच्या खाली असली तर खाजगी खरेदीदार बॅटरीचा खर्च भावातून कापूनच बोली लावणार. Settings > General > About मध्ये सुटे भाग बदलल्याची नोंदही दिसते, आणि आता खरेदीदार ती बघतात.

इथे थांबून बघा: अ‍ॅपमधल्या प्रत्येक प्रश्नाचं "हो" किंवा "नाही" तुम्ही दारातल्या माणसासमोर दाखवून देऊ शकता का? एकाही उत्तराची खात्री नसेल तर तो आकडा धरून चालू नका.

## टप्पा २: आयएमईआय आणि बिल

डायलरमध्ये हे टाका:

```
*#06#
```

पडद्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय दिसतात. ते बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या आकड्यांशी अंक न् अंक जुळवा. वॉरंटीत बोर्ड बदलला असेल तर आयएमईआय बदललेला असतो आणि बिलाशी जुळत नाही. अशा वेळी सर्व्हिस सेंटरची जॉबशीट हाच पुरावा. ती फाडून टाकली असेल तर आधी तिची प्रत मिळवा.

मग `KYM`, एक जागा आणि पंधरा आकडी आयएमईआय असा एसएमएस `14422` या क्रमांकावर पाठवा. दूरसंचार विभागाच्या नोंदीत तो आयएमईआय वैध आहे, ब्लॉक आहे की दुसरीकडेही वापरात आहे, ते उत्तरात कळतं. विकणाऱ्याने हे कशाला करायचं, असं वाटेल. पण फोन कधी हरवला होता, पोलिसांत तक्रार करून हरवलेले फोन बंद करणाऱ्या सीईआयआर या सरकारी पोर्टलवर ब्लॉक केला होता, आणि नंतर घरातच सोफ्याखाली सापडला, असं घडतं. सिम घातलं की अडचण कळते, पण तो फोन कपाटात पडून असला तर कुणालाच आठवत नाही. `ceir.gov.in` वर जाऊन जुना विनंती क्रमांक टाकून तो आधी अनब्लॉक करावा लागतो. नाहीतर खरेदीदार चार दिवसांनी चोरीचा फोन विकला म्हणून दारात उभा राहील आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

## टप्पा ३: खरा भाव काढा

संपूर्ण लेखात सर्वांत जास्त वेळ इथे द्या. सूत्र एका ओळीचं आहे:

```
जुन्या फोनचा खरा भाव =
  एक्सचेंजशिवाय मिळणारी सर्वांत कमी किंमत
  - एक्सचेंज करून खिशातून जाणारी रक्कम
```

पहिल्या ओळीतली किंमत त्याच दुकानाची असायची गरज नाही. तोच फोन, तेच स्टोरेज, तुम्हाला कुठेही खरोखर सर्वांत स्वस्त ज्या किमतीला मिळतो, ती धरायची. आणि सगळ्या ऑफरना तीच एक किंमत लावायची.

माझ्या भाच्याचा हिशेब मांडतो. तो सिडकोत राहतो, अंबडला नोकरी करतो. जुना फोन दोन वर्षांचा, १२८ जीबी, बिल-बॉक्स जपलेलं, स्क्रीनवर एकही ओरखडा नाही. नवीन फोनची सगळीकडे लावलेली किंमत २७,९९९ रुपये.

ऑनलाइन ऑफर अशी होती. जुन्या फोनचे ८,३०० आणि वर एक्सचेंज बोनस २,०००, मिळून १०,३००. म्हणजे भरायचे १७,६९९. वर मोठ्या अक्षरांत "१८,००० पर्यंत सूट" असंही लिहिलेलं होतं. पण तो आकडा यादीतल्या सर्वांत महागड्या फोनचा असतो, त्याकडे बघायचंच नाही. भाचा खूश होता. मी त्याला एक्सचेंजची खूण काढून पुन्हा पेमेंटच्या पडद्यापर्यंत जायला सांगितलं. खूण काढल्याबरोबर त्याच्या क्रेडिट कार्डावर २,५०० रुपयांची सूट दिसू लागली. एक्सचेंज निवडलं की ती नाहीशी होत होती. म्हणजे एक्सचेंजशिवाय किंमत २५,४९९.

आता वजाबाकी करा. २५,४९९ वजा १७,६९९ म्हणजे ७,८००. दहा हजार तीनशे दिसत होते, मिळत होते सात हजार आठशे.

एमजी रोडवरच्या दुकानात "अकरा हजार देतो" म्हणाले. पण ते २७,९९९ मधून, म्हणजे भरायचे १६,९९९. "जुना न देता रोख घेतला तर?" असं विचारल्यावर दोन मिनिटं कॅल्क्युलेटर दाबून २६,३०० सांगितले. भाच्याला तोच फोन कार्डावर २५,४९९ ला मिळत असल्यामुळे दुकानाच्या ऑफरचा खरा भाव २५,४९९ वजा १६,९९९, म्हणजे ८,५००. ज्याच्याकडे ते कार्ड नाही त्याच्यासाठी मात्र हाच भाव २६,३०० वजा १६,९९९, म्हणजे ९,३०१ होतो. एकच दुकान, एकच फोन, पण दोन माणसांसाठी दोन वेगळे भाव. म्हणून मित्राला काय परवडलं, हे ऐकून निर्णय घेऊ नका.

जुने फोन घेणाऱ्याने आधी ९,००० सांगितले, तपासून ८,७०० वर आला. तेही आधी पाहिलेल्या दोन्ही एक्सचेंजपेक्षा जास्तच होते.

नेहमीची चूक: बोनस वेगळा मोजून खूश होणं. बोनस, कार्डाची सूट, बिनव्याजी हप्ता यांतली कोणती एकमेकांसोबत चालतात ते जाहिरातीतून कळत नाही. पेमेंटच्या शेवटच्या पडद्यापर्यंत जा, एक्सचेंजसह आणि एक्सचेंजशिवाय असे दोन स्क्रीनशॉट घ्या. पिकअप किंवा हाताळणी शुल्क लावलं असेल तर तेही शेवटच्याच पडद्यावर दिसतं. पिनकोडही तुमचाच टाका. एक्सचेंज मिळतं की नाही, हे पिनकोडवर ठरतं. नाशिक शहराच्या 422001 ला मिळणारी ऑफर गावाकडच्या पत्त्यावर मिळेलच असं नाही.

एक युक्ती फार फिरते: बोनस ठरलेला असतो, मग कपाटातला पडीक फोन एक्सचेंजला द्या आणि चांगला बाहेर विका. कल्पना चांगली आहे, पण हिशेब करूनच. भाच्याच्या घरच्या जुन्या फोनला ९०० दाखवत होते, बोनस धरून २,९००. पण एक्सचेंज निवडताच २,५०० ची कार्डसूट जात होती. उरले ४००. जिथे कार्डसूट जात नाही आणि बोनसला मॉडेलची अट नाही, तिथे मात्र ही युक्ती खरोखर पैसे वाचवते.

## टप्पा ४: खाजगी विक्रीचा खरा आकडा

जाहिरातींमध्ये लोक मागतात तो भाव नव्हे. तोच फोन १२,५०० ला टाकलेला दिसला, तर ती फक्त मागणी आहे. सात-आठ दिवस तीच जाहिरात तशीच पडून असेल तर त्या भावाला घेणारा नाही, एवढंच सिद्ध होतं. स्टोरेज, रॅम आणि वॉरंटी जुळणाऱ्या पाच-सहा जाहिराती बघा, सर्वांत महागड्या दोन सोडा, उरलेल्यांच्या सरासरीतून हजारएक कमी करा. साधारण तिथे सौदा होतो. भाच्याचा फोन ११,२०० ला गेला. घेणारा सातपूरच्या एका कंपनीतला ओळखीचा होता.

दुकानाच्या ८,५०० च्या तुलनेत हे २,७०० जास्त. नवीन फोन त्याला १६,९९९ ऐवजी १४,२९९ ला पडला.

एवढा फरक का पडतो, ते समजून घेतलं तर निर्णय सोपा जातो. एक्सचेंजमध्ये मॉडेलला भाव असतो. जपलेल्या फोनला त्यात वेगळे पैसे नाहीत, फक्त खराब फोनचे कापले जातात. खाजगी खरेदीदार मात्र बिल-बॉक्स, बॅटरी, ओरखडे, उरलेली वॉरंटी या सगळ्याला पैसे देतो. त्यामुळे जपलेला, दोन-अडीच वर्षांच्या आतला, बिल असलेला फोन बाहेर विकावा. बिल हरवलेला, बॅटरी दमलेली पण बाकी ठीक असलेला, किंवा तीन-चार हजारांच्या आतला फोन एक्सचेंजला द्यावा. तिथे बोनसच भावापेक्षा मोठा वाटा उचलतो.

माझी रेघ अशी आहे: फरक हजार-दीड हजारांच्या आत असेल तर खाजगी विक्रीच्या भानगडीत पडू नये. फोन उचलायचे, भेटी ठरवायच्या, दोन माणसं येतो म्हणून न येणार, हे सगळं त्या पैशांत बसत नाही. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर ही रेघ आणखी वर न्या.

## टप्पा ५: एक्सचेंज ठरलं तर आदल्या रात्रीची तयारी

ऑनलाइन एक्सचेंजमध्ये नवीन फोन घेऊन येणारा माणूस त्याच फेरीत जुना घेऊन जातो. दोन्ही फोन शेजारी ठेवून डेटा हलवायला वेळच मिळत नाही. हे लोकांच्या ध्यानात येत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचं असंच झालं. माणूस दारात, त्याला अजून बारा पार्सलं वाटायची, काकूंनी घाईत रिसेट दाबलं. संध्याकाळी नवीन फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर शेवटचा बॅकअप सात महिन्यांपूर्वीचा. नातवाचे बोबड्या बोलांतले व्हॉइस मेसेज त्यानंतरचे होते. ते गेले ते गेलेच.

आदल्या रात्री, याच क्रमाने:

1. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Settings > Chats > Chat backup मध्ये जाऊन हाताने बॅकअप घ्या आणि तारीख-वेळ बदलली का ते वाचा. अँड्रॉइडवर हा बॅकअप गूगलच्या १५ जीबीच्या मोफत जागेतच मोजला जातो. जागा भरलेली असेल तर बॅकअप अर्ध्यात थांबतो.
2. फोटो आणि संपर्क दुसऱ्या एखाद्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडून बघा. "सिंक झालं असेल" हे पुरेसं नाही.
3. ओटीपी तयार करणारं अ‍ॅप वापरत असाल तर ते आधी दुसरीकडे हलवा. बँकेचं, ऑफिसचं लॉगिन त्यातच अडकलेलं असतं.
4. दारात उरलेली रक्कम द्यायची असेल तर ती दुसऱ्या कुणाच्या फोनवरून किंवा रोख द्यायची सोय करा. नवीन फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिल्या दिवशी रकमेची मर्यादा कमी असते.

सकाळी फोन चार्ज करा, स्क्रीनगार्ड आणि कव्हर काढा. फुटलेला स्क्रीनगार्ड पाहून स्क्रीनच फुटली, असं धरलं जातं.

माणूस आला की त्याच्यासमोर आधी नवीन फोनचा बॉक्स उघडून आयएमईआय बघा, मग त्याला जुना तपासू द्या. त्याने फोन मान्य केल्यावरच पुढच्या टप्प्यातलं खातं काढणं आणि रिसेट करा. आधीच रिसेट केलं आणि त्याने फोन नाकारला, तर तुमच्या हातात फक्त कोरा फोन उरतो. नाकारला तर काय होतं, पूर्ण रक्कम भरून नवीन फोन ठेवता येतो की ऑर्डरच रद्द होते, हे ऑर्डर देतानाच अटींत वाचून ठेवा.

दुकानातून घेत असाल तर बिल बघा. सीजीएसटी नियमावलीतल्या नियम २७ मध्ये उदाहरण नेमकं मोबाइलचंच दिलं आहे: जुना फोन घेऊन नवीन २०,००० ला दिला आणि एक्सचेंजशिवाय त्याची किंमत २४,००० असेल, तर कर धरायची किंमत २४,०००. म्हणजे एक्सचेंज म्हणून जीएसटी कमी लागणार नाही. बिलावर पूर्ण किंमत आणि नवीन फोनचा आयएमईआय असायला हवा. तोंडी कमी किमतीचं बिल देतो म्हणाले तर नको म्हणा, विम्याचा दावा त्याच बिलावर चालतो.

## टप्पा ६: फोन कोरा करणं

अँड्रॉइडवर आधी Settings मधल्या Accounts मध्ये जाऊन गूगल खातं Remove account करा. सॅमसंग किंवा शाओमीचं वेगळं खातं असेल तर तेही. स्क्रीनचं लॉक काढा. मगच Factory reset. बटणं दाबून परस्पर रिसेट केलेला फोन सुरू होताना जुन्याच गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. आयफोनवर Find My iPhone बंद करा, Apple खात्यातून Sign Out करा आणि मग Erase All Content and Settings. मेमरी कार्ड आणि सिम ट्रेसकट बाहेर काढून, सिम काढल्यावर ट्रे परत बसवा.

तपासणी: फोन पुन्हा सुरू करा. भाषा निवडून पुढे गेल्यावर जुना ईमेल किंवा पासवर्ड मागितला, तर लॉक निघालेलं नाही.

## टप्पा ७: खाजगी सौदा कसा पार पाडायचा

आधी ओळखीत विचारा. सोसायटीचा, कंपनीचा ग्रुप. तिथे भाव पाचशेने कमी आला तरी चालेल. अनोळखी माणूस असेल तर दिवसा, कॅमेरा असलेल्या वर्दळीच्या जागी भेटा. कॉलेज रोडवरचं कॅफे चालेल, तुमच्या बिल्डिंगचं गेट चालेल, घर नको. जाहिरातीत बॉक्सचा फोटो टाकताना आयएमईआय झाकायला विसरू नका.

निफाड, सिन्नरहून गाडी करून आलेला माणूस शेवटच्या क्षणी "पाचशे कमी करा, एवढ्या लांबून आलोय" म्हणतो. म्हणून फोनवरच दोष सांगून टाका आणि शेवटचा भाव ठरवा: "डाव्या कोपऱ्यावर बारीक टोचा आहे, बॅटरी ८७ टक्के, अकरा हजार दोनशे फिक्स." सांगितलेल्या दोषावर पुन्हा भाव पाडता येत नाही.

फोन कोरा करून न्या आणि खरेदीदाराला त्याचं सिम, त्याचं खातं घालून सुरू करू द्या. त्याने कॉल लावला, कॅमेरा पाहिला, त्याचं खातं चाललं, की लॉकची शंका दोघांचीही मिटते.

पैसे यूपीआयने घेत असाल तर स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली बघा. त्याने दाखवलेला स्क्रीनशॉट, तुम्हाला आलेला एसएमएस, दोन्ही बनावट असू शकतात. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. "मी लष्करात आहे, बदली झालीय, फोन न बघताच घेतो, तुम्ही फक्त हे स्कॅन करा" असं बोलणं आलं की संभाषण तिथेच संपवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी ते थांबवण्याची शक्यता कमी.

पैसे जमा झाल्यावर दोन प्रतींत चिठ्ठी करा:

> दि. ____ रोजी ____ वाजता, ____ मॉडेलचा मोबाइल, आयएमईआय १ ____, आयएमईआय २ ____, चालू स्थितीत, खरेदीदाराने तपासून रु. ____ ला विकला. मूळ बिल व बॉक्स दिले. या वेळेनंतर फोनच्या वापराची जबाबदारी खरेदीदाराची राहील. विकणाऱ्याची सही. खरेदीदाराचं नाव, पत्ता, सही.

ओळखपत्र बघून नाव जुळवा. आधारची पूर्ण प्रत मागू नका, देऊही नका. शेवटचे चार अंक लिहिले की पुरे. मूळ बिल देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. त्या आयएमईआयबद्दल उद्या कुणी विचारलं, तर फोन तुमच्याकडून कधी आणि कुणाकडे गेला, हे दाखवायला हे दोन कागद लागतात.

रात्री `myaccount.google.com` वर Security मधल्या Your devices मध्ये जा. जुना फोन अजून यादीत दिसत असेल तर त्यावर Sign out दाबा. आयफोन विकला असेल तर Find My च्या यादीत तो उरलेला नाही, तेही बघून घ्या.